फोटोतल्या लॅपटॉपची किंमत कशी काढायची?

आमच्या इमारतीतली एक मुलगी यंदा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. नवा लॅपटॉप घरच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून ती जुना शोधत होती. एका संध्याकाळी तिने मला व्हॉट्सअॅपवर चार फोटो पाठवले. एकात लॅपटॉपचं झाकण, एकात कीबोर्ड, एकात सुरू असलेला स्क्रीन आणि एकात तळाची बाजू. खाली विकणाऱ्या गृहस्थांचा मजकूर: ‘डेल, आय-फाइव्ह, तीन वर्षं जुना, एकदम चांगल्या कंडिशनमध्ये, २६,०००.’ आणि तिचा प्रश्न: ‘काका, एवढे द्यावेत का?’

जुनी लाकडी खुर्ची पाहून आपण अंदाजे भाव सांगतो, कारण तिचं सगळं बरंवाईट डोळ्यांसमोर असतं. लॅपटॉपचं तसं नाही. ज्यावर त्याची किंमत ठरते त्यातलं निम्मं फोटोत दिसतं आणि निम्मं आत असतं. तरीही तो नेमका कोणता आणि किती जुना हे एकदा कळलं, की फोटोवरून बऱ्यापैकी नेमका भाव काढता येतो. त्या संध्याकाळी आम्ही तो कसा काढला, तेच इथे क्रमाने सांगतो. यातले भाव उदाहरणादाखल आहेत; ते महिन्या-महिन्याला बदलतात. रीत मात्र तीच राहते.

नाव तळाशी असतं

‘डेल आय-फाइव्ह’ हे वर्णन किंमत काढायला जवळजवळ निरुपयोगी आहे. इंटेलचे आय-फाइव्ह प्रोसेसर २००९ पासून निघत आहेत. ‘मारुतीची गाडी, पेट्रोलवर चालते’ एवढ्यावर कुणी गाडीचा भाव सांगणार नाही, तसंच हे.

चार फोटोंतला सर्वांत महत्त्वाचा फोटो तळाचा होता. तिथे ‘लॅटिट्यूड ५४००’ असं छापलेलं होतं. तळाच्या लेबलावर ‘रेग्युलेटरी मॉडेल’ म्हणून P ने सुरू होणारा आणखी एक क्रमांक असतो. तो सरकारी मंजुरीसाठीचा असतो. पुष्कळ जण तोच मॉडेल समजून शोधतात आणि भलत्याच किमती पाहत बसतात.

कंपन्यांच्या कामासाठी बनवलेल्या लॅपटॉपांच्या नावातच वय दडलेलं असतं. लॅटिट्यूड ५४०० मधला पहिला ५ म्हणजे मालिका, दुसरा ४ म्हणजे चौदा इंची स्क्रीन आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे पिढी. ५४८० हे २०१७ चं मॉडेल, ५४९० हे २०१८ चं. नव्वदीनंतर आकडे पुन्हा शून्यावर आले, म्हणून ५४०० हे २०१९ चं, ५४१० हे २०२० चं आणि ५४२० हे २०२१ चं. त्यामुळे ५४०० हा आकडा ५४९० पेक्षा लहान असला, तरी यंत्र एका वर्षाने नवं आहे. एचपीच्या एलिटबुक मालिकेत हेच काम नावाच्या शेवटचं G5, G6 करतं: ८४० G5 हा २०१८ चा, G6 हा २०१९ चा.

मॉडेलनंतर प्रोसेसर. सुरू असलेल्या स्क्रीनच्या फोटोत विंडोजच्या सेटिंगमधलं About हे पान उघडलेलं होतं. तिथे i5-8365U असं होतं. आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. i5-1135G7 असं असतं, तर पहिले दोन आकडे धरून ती अकरावी पिढी झाली असती.

सातव्या आणि आठव्या पिढीमधली रेघ जुन्या बाजारात फार महत्त्वाची आहे. इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरना अधिकृतपणे चालवू देते आणि विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे सातव्या पिढीचा लॅपटॉप आज चालू असला, तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं आयुष्य आखडलेलं आहे. ५४९० मध्ये तर दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर यायचे. एकाच नावाची, बाहेरून सारखी दिसणारी दोन यंत्रं, आणि एकावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतं, दुसऱ्यावर नाही. म्हणून मॉडेल कळलं तरी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागायचाच. आमचा ५४०० या रेघेच्या अलीकडे, सुरक्षित बाजूला होता.

तीन वर्षं की सहा?

जाहिरातीत ‘तीन वर्षं जुना’ म्हटलं होतं. मॉडेल २०१९ चं. मॉडेल बाजारात आल्यानंतर वर्ष-दीड वर्ष विकलं जातं, पण तेवढा काळ धरूनही हिशेब जुळत नव्हता.

डेलच्या प्रत्येक यंत्रावर सात अक्षरी सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या सपोर्टच्या पानावर टाकला, की ते यंत्र कारखान्यातून कधी रवाना झालं आणि वॉरंटी कधी संपली हे दिसतं. शिवाय निघताना त्यात किती रॅम होती, कोणता स्क्रीन होता, याची यादीही मिळते. विकणाऱ्याने तो टॅग फोटोत झाकला असेल, तर त्यात गैर काही नाही. वैयक्तिक मागितला की बहुतेक जण देतात. आम्हाला मिळाला. रवानगी डिसेंबर २०१९ ची होती आणि वॉरंटी तीन वर्षांची, २०२२ च्या शेवटी संपलेली.

मुलीला वाटलं, माणूस खोटं बोलतो आहे. तसं नव्हतं. तिने फोन करून विचारलं तेव्हा ते सरळ म्हणाले, “अगं, मी घेऊन तीन वर्षं झाली. दुकानातून रिफर्बिश्ड घेतला होता.” मोठ्या कंपन्या लॅपटॉप बहुतेक वेळा तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात. करार संपला की शेकडो यंत्रं एकदम परत जातात, व्यापारी ती लॉटने उचलतात आणि साफसूफ करून विकतात. दुसऱ्या मालकाच्या मनात वय त्याने घेतल्या दिवसापासून सुरू होतं. यंत्राचं वय मात्र कारखान्यातून निघाल्यापासून मोजायचं. म्हणजे हे यंत्र सहा वर्षांचं होतं.

या फरकाने किंमत किती बदलते पाहा. बरेच जण नव्याच्या किमतीतून दर वर्षी वीस टक्के वजा करतात. समजा हा लॅपटॉप नवा ७५,००० ला होता. तीन वर्षं धरली तर या हिशेबाने ३८,४०० येतात. सहा धरली तर १९,६०० च्या आसपास. वय चुकलं की किंमत दुप्पट होते. विकणाऱ्या गृहस्थांना २६,००० म्हणजे आपण स्वस्तातच देतोय असं का वाटत होतं, ते यातून कळतं.

पण मुळात टक्केवारीची ही रीतच मी वापरत नाही. कंपनीने घाऊक खरेदीत किती मोजले हे कुणालाच माहीत नसतं आणि जुन्या बाजाराला त्या बिलाशी देणंघेणं नसतं. एका मॉडेलचे हजारो नग भाडेकरारातून सुटून एकदम बाजारात आले, की त्याचा भाव पडतो. तेवढ्याच वयाचं, पण कमी खपलेलं मॉडेल टिकून राहतं. टक्केवारीत हे काहीच दिसत नाही. वय हवं ते यासाठी की तुलना कोणाशी करायची हे कळावं आणि झीज किती अपेक्षित धरायची हे ठरवता यावं. किंमत मात्र आजच्या बाजारातूनच घ्यायची.

मधला आकडा

तिला मी म्हटलं, “आता हाच लॅपटॉप दुसरीकडे किती जण विकतायत ते शोध. अगदी हाच.” म्हणजे लॅटिट्यूड ५४००, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० चा स्क्रीन. या मॉडेलमध्ये १३६६ × ७६८ चा हलका स्क्रीनही यायचा, तो या तुलनेत मिसळायचा नाही.

तिला सात सापडले. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले: १६,०००, १७,५००, १८,०००, १८,५००, १९,५००, २१,००० आणि २९,०००. सरासरी काढली तर १९,९०० च्या वर जाते. पण त्या एका २९,००० ने ती फुगवली आहे. तो कदाचित महिनोन्‌महिने न विकलेला लॅपटॉप असेल. जास्त मागणाऱ्या जाहिराती विकल्या जात नाहीत, म्हणून त्याच बाजारात साचत जातात, हे लक्षात ठेवायचं. यासाठी सरासरी न घेता ओळीतला मधला आकडा घ्यायचा: चौथा, १८,५००.

ही मागितलेली किंमत झाली, ठरलेली नव्हे. घासाघीस सगळीकडे होते. मी त्यातून साधारण दहा टक्के कमी धरतो. म्हणजे या यंत्राचा सौदा सुमारे १६,५०० ला होईल.

हा आकडा ताडून पाहायला दोन टोकं असतात. वरचं टोक म्हणजे वॉरंटी देणाऱ्या दुकानाची विक्रीची किंमत. दुकान २१,००० ला सहा महिन्यांची वॉरंटी आणि बिल देत असेल, तर घरगुती विकणाऱ्याला तेवढे द्यायचं कारणच उरत नाही. खालचं टोक म्हणजे तेच दुकान हा लॅपटॉप काय देऊन घेईल. त्यात त्याची तपासणी, दुरुस्ती, वॉरंटीची जोखीम आणि नफा निघायचा असतो, म्हणून ते ११-१२ हजारच देईल. या दोन टोकांच्या मधली जागा दोघांच्याही फायद्याची असते. घेणाऱ्याला दुकानापेक्षा स्वस्त पडतं आणि विकणाऱ्याला दुकानापेक्षा जास्त मिळतं. रास्त किंमत म्हणतात ती इथेच असते. २६,००० वरच्या टोकाच्याही पलीकडे होते.

एकच झीज दोनदा वजा करू नका

आता फोटो पुन्हा उघडले. कीबोर्डवरच्या A, S, E या कळा आणि स्पेसबार चकाकत होते. वर्षानुवर्षं बोटं घासली की प्लास्टिकचा खरखरीतपणा जातो आणि कळ गुळगुळीत होते. मुलगी लगेच म्हणाली, “यासाठी कमी करायला सांगू?”

नाही. सहा वर्षांच्या लॅपटॉपच्या कळा चकाकणारच. ज्या सात लॅपटॉपांवरून आपण १६,५०० काढले, त्यांच्याही चकाकत असणार. ती झीज त्या किमतीत आधीच धरली गेली आहे. पुन्हा वजा केली तर ती दोनदा मोजल्यासारखी होते. नवखे लोक घासाघीस करताना इथेच चुकतात आणि समोरचा दुखावतो. वजा करायचं ते फक्त त्या वयाला साजेशा झिजेपेक्षा जास्त असेल तेच.

फोटोत असं जास्तीचं काय असू शकतं? बिजागरीपाशी झाकण आणि बॉडी यांच्यात फट दिसत असेल किंवा कोपऱ्याला तडा असेल, तर बिजागरीचा स्क्रू बसवलेली जागा सुटली असण्याची शक्यता असते. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा बंद लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर खालची बॅटरी फुगली असू शकते. तिथे भाव करण्याच्या फंदात पडू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. स्क्रीनचा फोटो काळ्या वॉलपेपरवर काढला असेल, तर पांढऱ्या पानावरचा एक फोटो मागावा. दबलेल्या स्क्रीनवरचे उजळ डाग पांढऱ्यावरच दिसतात. आणि सगळ्या फोटोंमध्ये एखादा ओरखडा सारखा आहे का तेही पाहावं. शंका वाटली तर शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून एक फोटो मागावा. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवर विकणाऱ्याला ते जमत नाही.

आमच्या फोटोत फट नव्हती, स्क्रीन स्वच्छ होता. पण कडेला दिसणारा चार्जर डेलचा नव्हता. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही किंवा प्रोसेसरचा वेग बांधला जातो. ५४०० हा टाइप-सी चार्जरवरही चालतो, पण तोही योग्य क्षमतेचा हवा. नव्या चार्जरचे १,२०० वजा.

एक गोष्ट बेरजेचीही होती. About च्या पानावर रॅम १६ जीबी दिसत होती, तर आमची तुलना ८ जीबीवाल्यांशी होती. विकणाऱ्याने त्यासाठी मोजलेले सगळे पैसे वसूल होत नाहीत. जुन्या बाजारात अशा वाढीव भागाचे साधारण निम्मेच मिळतात. आम्ही १,००० धरले.

१६,५०० वजा १,२०० अधिक १,०००, म्हणजे १६,३००. फोटो एवढंच सांगू शकत होते.

फोटोत न दिसणारी बॅटरी

आतली सर्वांत महागडी झीज बॅटरीची असते आणि ती फोटोत दिसत नाही. ‘बॅकअप चांगला आहे’ या वाक्याला काही माप नाही. विंडोजमध्ये मात्र माप आहे. मुलीने त्या गृहस्थांना कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढी एक ओळ टाकायची विनंती केली:

```
powercfg /batteryreport
```

यातून एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते स्क्रीनवरच येतं. त्यातले दोन आकडे पाहायचे. DESIGN CAPACITY म्हणजे बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर किती साठवते. त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला: ६८,००० आणि ३०,६००. म्हणजे बॅटरीची ४५ टक्के ताकद उरली होती.

सहा वर्षांत साठ-सत्तर टक्के उरणं मी चालवून घेतो, तेवढी झीज बाजारभावात असतेच. ४५ टक्के त्याखाली होते. नवी बॅटरी ३,५०० ला येत असेल, तर ते सगळे मागणं योग्य नव्हतं, कारण नव्या बॅटरीने लॅपटॉप त्या सातांपेक्षा चांगला झाला असता. आम्ही साधारण निम्मे, १,८०० वजा केले. १६,३०० मधून १,८०० गेले, उरले १४,५००.

आमचा अंदाज एकच आकडा नव्हता. १४ ते १५ हजारांचा पट्टा होता. कुणी फोटोवरून शेकड्यापर्यंत नेमका भाव सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

जिथे भाव करायचा नसतो

काही दोषांची वजाबाकी होत नाही. भाडेकरारातून सुटलेल्या लॅपटॉपमध्ये कधीकधी जुन्या कंपनीचं कुलूप राहून गेलेलं असतं. सुरू होताना एफ-२ दाबून बायॉसमध्ये गेलं आणि तिथे अॅडमिन पासवर्ड मागितला, तर सध्याच्या मालकाला स्वतःच्या यंत्रात बदल करता येत नाहीत. त्याहून फसवं कुलूप कंपनीच्या नोंदणीचं असतं. लॅपटॉप रोजच्या वापरात व्यवस्थित चालतो, पण रीसेट करून इंटरनेटला जोडला की एखाद्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागितला जातो. असा लॅपटॉप पाच हजारांतही घेऊ नये, कारण ती नोंद त्या कंपनीशिवाय कुणाला काढता येत नाही. मॅकबुकमध्ये जुन्या मालकाचं आयक्लाउड खातं राहिलं, तर हीच गत होते.

मुलीने त्या गृहस्थांपुढे कागदच ठेवला: सात किमती, मधला आकडा, चार्जर, रॅम, बॅटरी. “काका, यात कुठे चुकलं असेल तर सांगा,” म्हणाली. त्यांनी कागद नीट वाचला. रॅमचे एक हजार कमी वाटतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरही होतं. त्यांनी ती अलीकडेच टाकली होती. सौदा १५,००० ला ठरला.

पैसे तिने लगेच दिले नाहीत. आधी तिच्यासमोर लॅपटॉप रीसेट झाला, मोबाइलच्या इंटरनेटला जोडला गेला आणि कोणत्याही कंपनीचं नाव न येता तिचं स्वतःचं खातं उघडलं. मग एका साध्या कागदावर तारीख, किंमत आणि सर्व्हिस टॅग लिहून दोघांनी सह्या केल्या. तुम्ही जुना लॅपटॉप घ्याल तेव्हा किंमत काढायला फोटो पुरतील. पैसे मात्र तुमचं खातं त्यावर उघडल्यानंतरच द्या.